चुकवलेली फेरी

जळगावच्या ऑफिसात माझ्या पाठीमागे मला सगळे ‘उठा-बाई’ म्हणायचे. मला ते माहीत होतं. नव्वद सालानंतर मी तिथल्या आरेखन शाखेची प्रमुख झाले, आणि पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की तास झाला की प्रत्येकाने पेन पुसून उठायचं, आवारात एक चक्कर मारायची आणि मगच परत कागदाला हात लावायचा. कुणी कुरकुर केली की मी टेबलावर पट्टी आपटायचे. “ऊन फार आहे मॅडम.” “मग व्हरांड्यात फिरा.” “काम अडलंय मॅडम, एवढी रेघ होऊ द्या.” “रेघ कुठे पळून जात नाही, उठा!” माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात हा विषय निघाला की मला आवरायचं नाही. एक जण एकदा हसत म्हणाला, “मॅडमना डॉक्टरने चालायला सांगितलंय, म्हणून आपल्याला शिक्षा.” खरं कारण सांगायला तोंड नव्हतं. खरं कारण असं, की एका गावात दोन म्हाताऱ्या जावा जन्मभर भिंतीला भिंत लावून राहत होत्या, आणि त्यांची ताटातूट माझ्या हातून झाली. दहा मिनिटं उठायचा मला कंटाळा होता, एवढ्यासाठी.

आता लिहूनच टाकते.

नोकरीला लागले ती धुळ्याला, ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी. आमचं घर चोपड्याकडचं, केळी-कापसाचं. घरात टेबल-खुर्चीवर बसून पगार मिळवणारी मी पहिलीच. वडील सगळ्यांना सांगत सुटले होते, “पोरगी सावलीत बसीसन काम करस.” ऑफिस एका धरणाच्या कामाचं होतं आणि माझं पद अनुरेखकाचं. म्हणजे मोजणीवाल्यांनी पेन्सिलने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर खालचं दिसेल असं पातळ ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं आणि खालची एकेक रेघ बारीक निबने काळ्या शाईत वर उतरवायची. त्याच क्लॉथवरून मग अमोनियाच्या वासाचे प्रिंट निघत आणि गावोगाव जात. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या क्लॉथवर घामाचा एक थेंब पडला तरी डाग पडतो, म्हणून मनगटाखाली रुमाल. पंखा लावला की कागद फडफडतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. आणि रेघ चुकली तर ब्लेडने हळूहळू खरवडायची. श्वास रोखून, मान खाली घालून, दिवसच्या दिवस.

आमच्या शाखेत मी धरून चार अनुरेखक होतो, आणि आमच्यावर मुख्य आरेखक नाना. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला शाईचा एक कायमचा डाग. बोलणं कमी. जवळच सरकारी खजिना होता, तिथला पहारेकरी दर तासाला पितळी तास बडवायचा. तास पडला की नाना पेन फडक्याने पुसायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि उठायचे. मागच्या दाराने बाहेर, कुंपणाच्या कडेने पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि परत. टाकीपाशी थांबून लळिंगच्या डोंगराकडे थोडा वेळ नुसतं बघायचे. आत आले की लगेच पेन उचलायचे नाहीत. शेवटची चार बोटं रेघ आधी डोळ्यांनी तपासायचे, मग शाई भरायचे.

आणि हे आम्हा सगळ्यांना सक्तीचं होतं.

मला आधी हसूच यायचं. मी त्याला ‘नानांची प्रदक्षिणा’ म्हणायचे. माझं काम झपाझप असायचं, लय लागलेली असायची आणि नेमका तेव्हाच तास पडायचा. एकदा मी म्हटलंच, “नाना, मी थकलेलीच नाही, कशाला उठू?”

“थकलेलं माणूस उठूच शकत नाही बाई,” नाना म्हणाले. “त्याला वाटतं आपलं छान चाललंय. थकायच्या आधी उठायचं असतं.”

“मग इथेच चहा मागवते की. विश्रांती ती विश्रांती.”

“चहा प्या ना. पण पाय तिथेच राहिले आणि नजर वीतभर कागदावरच राहिली, तर विश्रांती कुणाला मिळाली? जिभेला.”

वाद नको म्हणून मी जायला लागले. चालताना बोलायचं नाही असाही त्यांचा दंडक होता, निदान कामाचं तर नाहीच. पहिले काही दिवस मी फणफणतच टाकीपर्यंत जायचे. मग एक गोष्ट माझ्याच लक्षात आली. माझ्या ट्रेसिंगवर खरवडल्याच्या जागा कुठे आहेत ते मी बोटाने चाचपून बघायला लागले. खरवडलेलं क्लॉथ जरा खडबडीत लागतं. जे काम दुपारच्या जेवणानंतर सलग बसून झालेलं होतं तिथे जागोजागी खडबडीत, आणि फेऱ्या घेऊन केलेलं काम जवळजवळ गुळगुळीत. एकदा तर दोन रेघा कुठे एकमेकींना मिळतात तेच मला सापडेना, अर्धा तास डोकं खाजवत होते. तास पडला, वैतागून उठले, टाकीपाशी गेले, डोंगर बघितला, मान फिरवली, परत आले तर समोरच चूक दिसली. मघाशीही ती तिथेच होती की! मला इतका राग आला स्वतःचा. नाना बघत होते. मिशीत हसले.

त्यानंतर मी प्रदक्षिणा म्हणणं सोडलं. दोन वर्षं नियमाने फिरले. मानेतली कळ गेली, संध्याकाळी बसस्टँडवर उभी असताना डोळ्यांपुढे रेघा नाचायच्या त्या बंद झाल्या, आणि माझं काम ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ म्हणून नाव झालं. इथेच घात झाला. काम स्वच्छ आहे ते माझा हात चांगला म्हणून, असं मला वाटायला लागलं.

नानांची आई वारली ती मार्च महिन्यात. सकाळी निरोप आला. नाना निघताना माझ्या टेबलाशी आले. “तेरा दिवस मी नाही. शाखा तुमच्याकडे. घाई करू नका. आणि फेरी चुकवू नका, बाई.”

“नाना, तुम्ही बिनघोर जा,” मी म्हटलं.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एका गावाचे नकाशे ताबडतोब हवे होते. पाणी कुठपर्यंत चढेल ती समपातळीची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी, रेघ नकाशावर पक्की झाली की तिच्या आतल्या घरांची यादी होणार होती, आणि त्या यादीप्रमाणे नव्या गावठाणात प्लॉट मिळणार होते. “किती दिवस लागतील?” साहेबांनी विचारलं. नाना असते तर म्हणाले असते, दहा. मी म्हटलं, “पाच.” साहेब खूश झाले. मीही झाले. खोटं कशाला बोलू, मला दाखवायचंच होतं की नाना नसले तरी शाखा चालते, आणि दुप्पट वेगाने चालते.

त्याच दिवशी मी सांगून टाकलं, “पाच दिवस फेऱ्या बंद. चहा टेबलावर येईल.”

आमच्यातला एक वयस्क अनुरेखक घुटमळला. “ताई, नानांनी सांगितलंय...”

“नाना आहेत का इथे?” मी खेकसले. “बसा गुपचूप!”

तो बसला. सगळेच बसले.

पहिले दोन दिवस काही बिघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे गावठाणाचाच कागद होता. सकाळी बसले ती जेवणालाही धड उठले नाही, डबा तिथेच कडेला सरकवून चार घास खाल्ले. तास पडत होते, मी मान वर करत नव्हते. मला अजून आठवतं, मला थकवा मुळीच जाणवत नव्हता. उलट डोकं कसं तरतरीत आहे, हात कसा आपोआप चाललाय, असंच वाटत होतं. गावाच्या कडेला एक नाला होता. नाल्याचा काठ उभा, त्यामुळे तिथे पाच-सहा समपातळीच्या रेघा अगदी अंगाला अंग घासून वळत होत्या. पेन्सिलचा कागद बऱ्याच हातांतून आलेला, त्या वळणावर जरा पुसट. नाना अशा जागी पेन खाली ठेवायचे, फेरी मारून यायचे आणि मगच हात घालायचे. मी न थांबता ते वळण काढलं. पलीकडे रेघा पुन्हा मोकळ्या झाल्या तिथे पाण्याच्या रेघेवर लाल खूण होती, ती मी बरोबर पकडली. तीन वाजून गेले होते. वर मी स्वतःच तो कागद तपासला, तिथल्या तिथे, त्याच खुर्चीत. तपासणार काय? जे काढलं तेच डोळ्यांना दिसत होतं. सगळं ठीक.

पाचव्या दिवशी प्रिंट गेले; तपासणाऱ्याची सही नाना आल्यावर घ्यायची ठरली. साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली.

नाना तेराव्यानंतर आले. डोक्याचं मुंडण केलेलं, चेहरा उतरलेला. आमच्याकडे त्यांची एक पद्धत होती. जो कागद फेऱ्या घेऊन झालेला असेल तो ते वरवर बघून सही करत. पण ज्यात फेरी चुकली असेल, मग कारण काही असो, तो कागद काचेच्या टेबलावर मूळ नकाशावर ठेवून, खाली दिवा लावून, इंच इंच पुन्हा ताडून बघत. दिवस गेला तरी चालेल. म्हणून ते नेहमी विचारायचे. त्या दिवशीही माझ्यासमोर नकाशांची गुंडाळी घेऊन बसले आणि विचारलं, “फेरी चालू होती ना, बाई?”

मी म्हटलं, “हो नाना.”

मला आता वाटतं की थोबाडीत मारून घ्यावी. काय बिघडलं असतं खरं सांगितलं असतं तर? फार तर नाना दोन शब्द बोलले असते, तेही बोलले नसते. पण शाबासकी ताजी होती. बाकीचे तिघं मान खाली घालून बसले. मीच त्यांना गप्प बसवलं होतं. नानांनी कागद वरवर चाळले आणि सह्या केल्या. प्रिंट तेव्हा नुकतेच गेले होते. चूक त्या दिवशी सापडली असती तर एका पत्राने दुरुस्त झाली असती.

पुढे दोन वर्षं गेली. त्या गावाची खालची घरं उठली. यादीप्रमाणे लोक नव्या गावठाणात गेले, बराच लांब, टेकडीपलीकडे. मग पाण्याच्या हद्दीचे दगड बसवायला मोजणीवाले लेव्हलची दुर्बीण घेऊन गेले, आणि त्यांचं पत्र आलं. नाल्याकाठी एक घर नकाशात पाण्याच्या वर दाखवलं आहे, प्रत्यक्षात ते पाण्याखाली जातं. खुलासा व्हावा.

नानांनी कपाटातून मूळ नकाशा काढला, माझं ट्रेसिंग काढलं, काचेवर एकावर एक ठेवलं आणि दिवा लावला. मी शेजारी उभी होते. नाल्याच्या वळणापर्यंत रेघ रेघेवर होती. वळणात माझी रेघ शेजारच्या खालच्या रेघेवर उतरली होती, आणि पुढे मोकळ्यावर आल्यावर गुपचूप परत आपल्या जागी गेली होती. एक बोटभर अंतर. दोन घरं एकमेकांना चिकटून होती, एक उतारावर जरा खाली, एक वर. माझी रेघ दोन्हींच्या वरून जायला हवी होती. ती मधून गेली होती. नेमकी मधल्या भिंतीवरून.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ही दुपारची रेघ आहे.”

मी त्या वळणावर बोट ठेवलं.

“तीन-चार तास उठला नव्हतात तुम्ही.” त्यांनी दिवा बंद केला. “आणि मी विचारलं तेव्हा हो म्हणालात.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, म्हटलं, “नाना, मी लिहून देते, चूक माझी.” मी दिलंही लिहून. मला लेखी समज मिळाली. पण तपासणाऱ्याची सही नानांची होती, त्यांनाही मिळाली, निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना, त्यांच्या आख्ख्या नोकरीतली पहिली. त्याबद्दल ते मला कधीही एका शब्दाने बोलले नाहीत. तास पडला की पूर्वीसारखेच उठायचे, मीही मागून उठायचे. फक्त मला विचारणं त्यांनी सोडलं. माझा कागद आला की काचेच्या टेबलावर जायचा. दरवेळी. तक्रार करायला जागा नव्हती.

पत्राला उत्तर गेलं त्या दिवशी नाना म्हणाले, “कागदावरचं घर बघितलंत. आता जाऊन खरं बघून या.”

धीर गोळा व्हायला मला महिना लागला; मग मी एसटीने गेले, पुढे पायी. गावाचा खालचा भाग उठलेला होता. माणसं घर सोडताना दारं, खिडक्या, वासे, पत्रे सगळं काढून नेतात, मागे नुसत्या मातीच्या भिंती राहतात. नाल्याकाठचं ते घर मात्र उभं होतं, सारवलेलं, दारात तुळस. पण शेजारचं घर नव्हतं; त्याच्या बाकीच्या भिंती पावसात पडल्या होत्या. मधली भिंत तेवढी राहिली होती, आणि तिची पलीकडची बाजू उघडी पडून उन्हात आली होती. त्या बाजूला चुलीचा काळा धूर होता, एक कोनाडा होता, कोनाड्यात कुंकवाची बोटं उमटलेली होती. कुणाच्या तरी घराची आतली बाजू मी बाहेर उभी राहून बघत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. गावात तिला अक्का म्हणत. मी धरणाच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर तिने मला पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. मी चोपड्याकडची आहे कळल्यावर तर मोकळेपणी बोलायला लागली. पलीकडे तिची जाऊ राहायची. दोघी एका मांडवात लग्न होऊन या घरात आल्या, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. पुढे भावाभावांत वाटणी झाली, घर मधून भिंत घालून दोन झालं, पण या दोघींचं काही वेगळं झालं नाही. नवरे गेले, मुलं कामाच्या मागे सुरतेकडे गेली. या दोघी भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या.

“मी थाप मारू का ती बोले,” अक्का म्हणाली आणि हाताने भिंतीवर मारून दाखवलं. थाप मारली की पलीकडून ती बोलायची. सकाळी उठल्यावर एक थाप, म्हणजे जिवंत आहे. भाकरी झाल्या की दोन. तिकडूनही तसंच यायचं. मग ऑफिसची यादी आली. यादीत जावेचं घर होतं, हिचं नव्हतं. दोघी तलाठ्याकडे गेल्या. अक्का म्हणाली, माझं घर तर तिच्या घराला चिकटून आहे, मलाही तिच्या शेजारी जागा द्या. तलाठ्याने नकाशा दाखवला. म्हणाला, “नकाशात रेघ अशी आहे, अक्का. तुमचं घर पाण्याच्या वर आहे, तुम्ही नशीबवान.”

“तो नकाशा तुम्हीच काढता ना?” अक्काने मला कौतुकाने विचारलं. “बाईमाणूस नकाशा काढते!”

मी मान हलवली.

जाऊ नव्या गावठाणात गेली, पहिल्या ओळीत, अनोळखी माणसांच्या मध्ये. अक्काचा गुडघा धरलेला. टेकडी चढून जाणं जमायचं नाही. कुणाची बैलगाडी त्या बाजूला निघाली तर जायची. दोन वर्षांत चारदा गेली, तिने बोटांवर मोजून सांगितलं. गेल्या पावसाळ्यात जावेला ताप भरला. घरात एकटी. शेजारच्यांना वाटलं दार बंद आहे म्हणजे गावाला गेली असेल. निरोप आला तेव्हा अक्का गाडीत बसून गेली, पण अंगणात माणसं जमलेली होती, तिरडी बांधून झाली होती.

“आठे राहती तर,” अक्का म्हणाली, “एक सकाय थाप नही उनी का मी दार तोडी टाकतू.” इथे राहिली असती तर. एक सकाळ थाप आली नसती, तर दार तोडून आत गेले असते.

मग तिने कमरेचा बटवा सोडला आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. आमच्याच ऑफिसचा. तिचंही घर पाण्याखाली जातं, सबब तिला नव्या गावठाणात प्लॉट मंजूर, शेवटच्या ओळीत, टोकाला. “हाई काय शे, बैन? तवय नही म्हनेत. आते व्हय म्हनतस.” तेव्हा नाही म्हणाले आणि आता हो म्हणतात. “आते मी तठे कोनाजोडे जाऊ?” आता तिथे मी कुणाकडे जाऊ.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं नव्हतं मी सांगेन, पण त्या भिंतीसमोर खोटं बोलायची ताकद नव्हती. म्हटलं, अक्का, नकाशात चूक झाली, ती माझी. त्या दिवशी मी सकाळपासून बसून होते, रेघा खूप जवळजवळ होत्या, डोळे थकले होते, डोकं थकलं होतं, पण मला कळलं नाही. आमच्यावरच्या नानांनी सांगून ठेवलं होतं की मध्ये मध्ये उठत जा, चार पावलं चालून या. मी उठले नाही. माझा हात घसरला. नंतर विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी डोकं खाली घालून वाट बघत बसले. पण अक्का माझ्याकडे बघत होती ती रागाने नव्हे, तिला खरंच समजत नव्हतं. जन्मभर निंदणी-कापणीत वाकलेली बाई. तिने माझ्या हातांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

“बठी बठी थकी गयात?” तिने विचारलं. बसून बसून थकलात?

“हो, अक्का.”

तिचा हात भिंतीवर टेकलेला होता.

“मंग उठी का नही गयात, माय?”

मग उठून का नाही गेलात. तिने ते इतकं हळू विचारलं, घरातल्या लेकीला विचारावं तसं. मी ऑफिसात खुलासा लिहिला होता दोन पानी, त्यात घाईचं कारण होतं, पुसट नकाशाचं होतं, सगळं होतं. तिला सांगायला त्यातलं एकही चालेना. मी तिचा कागद परत तिच्या हातात दिला आणि तशीच बसून राहिले.